नळकांड

प्राध्यापक रमाकांत हळदणकर यांना महाकाव्य लिहायचं नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे लालबागच्या गोलतकर चाळीत जे काही झालं त्यावरून लोकांचा समज झाला, की हा माणूस कितीतरी वर्षं पोटात महाकाव्य घेऊन बसला होता आणि संधीची वाट बघत होता. तसं काही नव्हतं. त्यांना फक्त प्रथम वर्षाच्या वर्गाला एक उपमा शिकवायची होती.

हा वर्ग दादरच्या एका कॉलेजात सकाळी भरायचा. धड्याचं नाव होतं 'पाश्चात्त्य महाकाव्याचे संकेत', आणि रमाकांतांचा हा आवडता धडा. तो शिकवताना ते टेबलामागून पुढे येत, चष्मा काढत आणि आवाज खाली आणत. त्या दिवशीही त्यांनी तसंच केलं.

"साधी उपमा म्हणजे काय? 'तो सिंहासारखा धावला.' संपलं. पण महाकाव्याचा कवी इतक्यात सोडत नाही. तो म्हणतो 'जसा', आणि निघूनच जातो. सिंह कुठल्या डोंगरावरून उतरला, किती उपाशी होता, गोठ्याचं कुंपण कसं होतं, आत राखणदार शेकोटीशी कसे बसले होते, कुत्री कशी भुंकली, हे सगळं तो सावकाश सांगतो. मग म्हणतो 'तसा', आणि परत रणांगणावर येतो."

पहिल्या बाकावरच्या अंबिकेनं हात वर केला. ही मुलगी वडाळ्याहून येत असे आणि हात वर करण्यापूर्वी पेनाचं टोपण लावत असे. ते टोपण लागलं की रमाकांत काढलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत.

"सर, तोपर्यंत तो योद्धा काय करतो?"

"कुठपर्यंत?"

"म्हणजे तुमचा सिंह डोंगरावरून खाली येईपर्यंत. योद्ध्यानं तलवार उगारलीय ना?"

रमाकांत म्हणाले, "तो थांबतो." वर्ग हसला.

"आणि ते शेकोटीवाले राखणदार कोणासारखे?"

"कोणासारखेच नाहीत. ते नुसते आहेत."

"मग आणले कशाला, सर?"

घंटा झाली. घंटेनं एखाद्या शिक्षकाची अब्रू वाचवल्याची उदाहरणं शिक्षणाच्या इतिहासात पुष्कळ असतील, पण या घंटेला थोडा उशीर झाला होता. मागच्या बाकावरून कोणीतरी "नुसते आहेत!" असं रमाकांतांच्याच खालच्या आवाजात म्हणून दाखवलं.

लालबागच्या घरापर्यंत ते चालत आले ते ह्याच विचारात. दोष उपमेचा नव्हता, सिंहाचा होता. या पोरांनी सिंह पाहिला तो राणीच्या बागेत, तोही झोपलेला. त्यांना त्यांच्या ओळखीचं काहीतरी द्यायला हवं. आपणच दहा-बारा ओळी लिहाव्यात. प्रसंग रोजचा, थाट महाकाव्याचा. घरात शिरताच त्यांनी पत्नीला जाहीर केलं, "मृणालिनी, आज मी उपमा करणार आहे."

मृणालिनीबाई टेलिफोन खात्यात होत्या. दिवसभर लोकांचं बोलणं जोडून देण्याची नोकरी असल्यामुळे घरी त्या ते तोडून टाकत. "रवा संपलाय," त्या म्हणाल्या.

प्रसंग शोधायला लांब जावं लागलं नाही. गोलतकर चाळीच्या तळमजल्यावर, जिन्याच्या पायथ्याशी सामायिक नळ होता. त्या मे महिन्यात तिथे दुसऱ्या मजल्यावरचे विठोबा परब आणि तळमजल्यावरच्या जाईबाई यांचं जोरदार भांडण झालं होतं. जाईबाई मूळच्या वरळी कोळीवाड्याच्या, लालबागच्या बाजारात मासळी विकायच्या. आवाज असा, की त्या बाजारात भाव सांगत तेव्हा चाळीत बायका पैसे काढून ठेवत. विठोबा गिरणीच्या साचेखात्यात मागावर, म्हणजे पूर्वी. संप सुरू झाला आणि बाकीच्यांसारखे तेही घरी बसले. संपाचं दुसरं वर्ष चाललं होतं. गिरणीत जायचं राहिल्यामुळे विठोबांनी नळाची रांग शिस्तीत लावण्याचं काम अंगावर घेतलं होतं. त्या रांगेत जाईबाई मध्येच घुसल्या, विठोबांनी त्यांचा हंडा बाजूला सारला, हंडा गडगडत गेला, आणि पुढे जे शब्द उच्चारले गेले ते महाकाव्याच्या उदात्त शैलीत बसणारे नव्हते. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

रमाकांतांनी लिहायला घेतलं, आणि नाव तर आपोआपच सुचलं: 'नळकांड'. मग आवाहन.

*ये गे वाग्देवी, टेक पदर या ओल्या पायरीवर.*
*तू होतीस तिथे. आम्ही फक्त आवाज ऐकले भिंतीपलीकडून.*
*सांग त्या हंड्याची कथा, जो पडला, आणि ज्याचा नाद*
*चार मजले चढून गेला नि दोन घरांची बोलणी घेऊन उतरला.*

स्वतःवरच खूश होऊन त्यांनी हे मोठ्यानं वाचलं. महाकाव्य ही मुळात ऐकण्याची चीज, असं त्यांचं मत होतं. गोलतकर चाळीच्या भिंतींचंही तेच मत होतं. मग ते मुख्य गोष्टीकडे, उपमेकडे वळले.

*जशी भाऊच्या धक्क्यावर, पाट्या उतरू लागताच,*
*घारींची गर्दी गरगरते, आणि त्यांतली एक म्हातारी घार,*
*जिचं पिल्लू मागे डोलकाठीवर चोच उघडून बसलंय,*
*सगळ्यांच्या खालून झेप घेते, पंख पाटीला घासून जातो,*
*आणि पाटीवाला, कमरेवर हात ठेवून, हसत बघत राहतो,*
*कारण आज त्याला दर बरा मिळालाय;*
*तशी जाईबाई, रांग मोडून, नळावर आली.*

इथे थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण दारात टकटक झाली. बाहेर खुद्द विठोबा परब उभे होते. चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे ते अध्यक्ष.

"मास्तर," ते म्हणाले. (रमाकांतांनी दहा वर्षं 'प्राध्यापक' म्हणा असं सुचवलं होतं. चाळीनं दहा वर्षं 'बरं, मास्तर' म्हटलं होतं.) "तुमचा ता नळाचा गाणा आयकला भिंतीतून. यंदा वर्गणी नाय. ऑर्केस्ट्रा नाय. सगळ्यांच्या घरात चूल पेटली तर पुष्कळ. ता गाणाच गणपतीत लावूया."

"ते गाणं नाही, विठोबा. महाकाव्य आहे. आणि तुमच्याच भांडणाचं आहे."

"म्हणूनच. मी जिंकलो असं आसा ना त्यात?"

रमाकांतांनी 'महाकाव्यात दोन्ही बाजूंचा गौरव असतो' असं सांगायला तोंड उघडलं. पण त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना श्रोते देऊ करत होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि होकार दिला. मृणालिनीबाईंनी आतून विचारलं, "म्हणजे उपमा चाळभर वाटायचा आता?"

दुसऱ्या दिवसापासून चाळ सल्ला घेऊन येऊ लागली. आवाहनाबद्दल कोणालाच शंका नव्हती. "हा तर गण झाला, मास्तर. शाहीर आधी गण लावतोच," असं म्हणून सगळ्यांनी ते पास केलं. एकानं वाग्देवी ही तळमजल्याची की तिसऱ्या मजल्याची एवढंच विचारलं. पाताळयात्रेची मात्र पंचाईत झाली. वीर जिवंतपणी पाताळात उतरतो आणि गेलेल्या माणसांना भेटून पुढचं विचारतो, असा संकेत आहे. रमाकांतांनी जिन्याखालच्या टाकीत पाताळ बसवलं, तेव्हा तळमजल्यावरचं शिष्टमंडळ "म्हणजे आम्ही काय मेलेले?" असं विचारायला आलं. पाताळ रद्द झालं.

शस्त्रसज्जेचंही तसंच. युद्धाआधी वीर एकेक हत्यार क्रमानं अंगावर चढवतो, आणि कवी ते तितक्याच क्रमानं सांगतो. विठोबांनी आधी बंडी, मग खांद्यावर पंचा, मग हातात पितळी तांब्या, इथपर्यंत ठीक होतं. पण कवीनं सत्याला धरून 'पट्ट्यापट्ट्यांची चड्डी' आणली तेव्हा विठोबांच्या घरून निरोप आला, की देवासमोर चड्डी नको, लेंगा करा.

सगळ्यात मोठा घोळ झाला तो नामावळीचा. महाकाव्यात सैन्य उभं राहिलं की कवी थांबतो आणि कोण कोण आलं ते सांगतो: सरदाराचं नाव, त्याचं गाव, त्याची जहाजं किती. इथे जहाजांच्या जागी हंडे आले. ही बातमी पसरताच बिऱ्हाडागणिक माणूस येऊन हंडे वाढवून जाऊ लागला. "आमचा एक पितळी लिहा, दुसरा पण पितळीच लिहा. तो जर्मनचा आहे, पण कवितेत कोण वाजवून बघतंय?" गाव लिहायचं म्हटल्यावर तर लोक खुर्ची ओढून बसले. एरवी खोली नंबरानं ओळखली जाणारी माणसं कुडाळ, देवगड, मालवण, संगमेश्वर असं काय काय सांगू लागली. त्यात वाडी सांगायची, देवळाशेजारी घर म्हणायचं. रमाकांतांना पहिल्यांदाच कळलं, की आपल्या डोक्यावर राहणारा माणूस समुद्रकाठचा आहे.

आणि प्रत्येकाला विशेषण हवं होतं. रमाकांतांनी समजावलं, की महाकाव्यातली विशेषणं ठरलेली असतात. नाव आलं की विशेषण येतंच. ओळ भरायला ते कवीच्या हाताशी असतं, आणि ऐकणाऱ्यालाही माणूस ओळखू येतो.

"मग माका 'चार साच्यांचा विठोबा' लिवा," विठोबा म्हणाले. साचेखात्यात चार साचे एकटा सांभाळणारा माणूस म्हणजे मान होता. मग जरा थांबून ते म्हणाले, "पण आता साचे खंय? दीड वरीस हात लावलेलो नाय. लोक हसतील."

"हसणार नाहीत," रमाकांत म्हणाले. ते त्या क्षणी शिकवत होते, म्हणून त्यांचा आवाज नेमका खाली आला होता. "वेगवान पायांचा वीर रुसून तंबूत बसलेला असतो, तरी कवी त्याला वेगवान पायांचाच म्हणतो. विशेषण त्या वेळेपुरतं नसतं. माणसाचं असतं."

"बसलेलो असलो तरी?"

"बसलेले असलात तरी."

विठोबांनी 'चार साच्यांचा' असं एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. मग उठले, आणि जाताना दारातून म्हणाले, "ता दगडूचा नाव मात्र यादीत नको."

दगडू राणे विठोबांच्या शेजारच्या खोलीत राहत. दोघं एकाच गावचे, एकाच खात्यातले. पण गेल्या वर्षी दगडू संप मोडून पोलिसांच्या गाडीतून गिरणीत परत गेले. घरात लहान मूल होतं आणि बायको, सुभद्रा, बाळंतपणापासून आजारी होती. चाळीनं कारण विचारलं नाही, फक्त बोलणं सोडलं. सुभद्रेचा हंडा रांगेत जिथे ठेवला तिथून कोणीतरी रोज मागे सरकवत असे.

"विठोबा, नामावळीत कोणी गाळत नाहीत. शत्रूपक्षाचीसुद्धा यादी देतात."

"देत असतील. मग तुमचा वाचन त्यांच्याकडंच करा. आमच्या मांडवात नको."

रमाकांतांनी कवीच्या स्वातंत्र्यावर पाच मिनिटं भाषण केलं. ते विठोबा गेल्यावर केलं, त्यामुळे ते फारच चांगलं झालं. मग त्यांनी ओळ खोडली. मृणालिनीबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तुमची वाग्देवी विठोबांना विचारून गाते होय? मला वाटलं, तुम्ही तिला विचारता."

जाईबाई आल्या त्या घारीची तक्रार घेऊन. "म्हातारी कोन रं, मास्तर? आनि माझा पोरगा भुकेला? दोन टाइम म्हावरं खातो तो!"

"ते पिल्लू तुमचं नाही, जाईबाई. घारीचं आहे. उपमेत जुळते ती एकच गोष्ट, ती झेप. बाकी सगळं त्या धक्क्याचं. भांडण ऐकून माणूस दमतो, म्हणून कवी त्याला घटकाभर दुसरीकडे नेतो. तिथे पिल्लं असतात, पाट्या असतात, लोक आपापलं काम करत असतात. मग परत आणतो."

अंबिकेला द्यायचं उत्तर आपण इथे देऊन बसलो, हे रमाकांतांच्या बोलून झाल्यावर लक्षात आलं. जाईबाईंना ते पटलं. 'म्हातारी' मात्र काढावी लागली. तिथे 'अनुभवी घार' आली.

आता परवानगी. मांडवात लिखित कार्यक्रम करायचा तर मजकूर तपासून घ्यावा लागे. संपाच्या दिवसांत लालबागमधून आलेला मजकूर जरा जास्तच बारकाईनं तपासत. रमाकांत चार प्रती घेऊन सरकारच्या तपासणी कचेरीत गेले. तिथले साहेब सभ्य होते. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, हीच तर अडचण.

"पहिली पानं कुठायत?" साहेबांनी विचारलं. "इथे तर एकदम भांडणच चाललंय."

"महाकाव्य मध्यातूनच सुरू होतं, साहेब. मागची हकीकत नंतर येते. कोणीतरी पाहुणा विचारतो, तेव्हा."

"पाहुण्याचं पान जोडा. ही वाग्देवी कोण? कलाकारांत नाव नाही."

"ती कलाकार नाही. मी तिला बोलावतो."

"आली तर स्टेजवर येईल ना? मग नाव हवं." त्यांनी पुन्हा वाचलं. "'सांग' म्हणताय. म्हणजे हकीकत तिची? मग लेखक म्हणून तुमची सही कशी?"

रमाकांतांनी चष्मा काढला. "साहेब, तो नम्रपणा आहे. मला स्वतःला काही माहीत नाही, तिनं पाहिलंय, मी फक्त तिचं तोंड, असं कवी म्हणतो. त्यामुळे ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो."

"तुम्हाला काही माहीत नाही," साहेबांनी लिहून घेतलं. "आणि इथे पाणीखात्याच्या चावीवाल्याला देव केलंय. 'रस्त्याच्या आभाळातून चावी फिरवणारा.' खात्याची थट्टा?"

"नाही, नाही! महाकाव्यात माणसांच्या भांडणात देव हात घालतात. त्यांनी मनात आणलं की लढाई थांबते. इथे चावीवाला पाणी बंद करतो, आणि भांडण थांबतं."

हे साहेबांना आवडलं. त्यांच्या घरीही पाणी जात असावं. पण घारीच्या ओळींवर त्यांचं बोट थांबलं. "हा कमरेवर हात ठेवून हसणारा कोण? 'दर बरा मिळालाय.' मास्तर, लोक उपाशी आहेत आणि हा हसतोय. हा गिरणीमालक ना?"

"तो पाटीवाला आहे."

"म्हणजे कोण?"

"कोणी नाही, साहेब. तो नुसता आहे!"

आपण एका महिन्यात दुसऱ्यांदा हे वाक्य बोललो आणि दुसऱ्यांदा समोरच्या माणसानं आपल्याकडे दयेनं पाहिलं, हे रमाकांतांना फार लागलं. साहेबांनी मार्ग सुचवला. घारीऐवजी दुसरा प्राणी घ्यावा. वाघ मात्र नको, लोक भलताच अर्थ काढतात. सिंह चालेल. सिंहाबद्दल रमाकांतांनी जे उत्तर दिलं ते इथे देत नाही. शेवटी समासात खुलासा लिहून द्यायचं ठरलं: 'सदर उपमेतील घार ही घार असून पाटीवाला हा पाटीवाला आहे. दर म्हणजे दर. पिल्लाचा कोणत्याही संघटनेशी संबंध नाही.' खाली सही. उपमेच्या शास्त्रात याहून नेमकी व्याख्या आजवर कोणी केली नसेल, पण त्या वेळी रमाकांतांना कान धरून उभं केल्यासारखं वाटत होतं.

परवानगी मिळाली आणि एकच जागा रिकामी राहिली. आवाहनानंतर कवी देवीला एक प्रश्न विचारतो: हा कलह पेटला कशामुळे? मग देवी उत्तर देते, आणि तिथून काव्य पळू लागतं. रमाकांतांनी प्रश्न लिहिला होता, पण उत्तरासाठी त्यांच्याकडे काही नव्हतं. जाईबाई त्या दिवशी रांग मोडून का आल्या? चार जणांना विचारलं, तर चारही उत्तरं 'तिचा स्वभावच तसा' इथे येऊन थांबली. मग ते संध्याकाळी बाजारात गेले. जाईबाई उरलेले बांगडे बर्फाखाली सारत होत्या.

"तुमी तिथं होता काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग काय लिवता? होते मी." त्यांनी हात पुसले. "त्यो हंडा माझा नव्हता. सुभद्रेचा व्हता. पोर तापानं फणफणलेलं, ती उभी राहू शकत नव्हती, आनि तिचा हंडा कोन पुढं घेईना. म्हून घुसले मी. इठोबानं लोटला त्यो दगडूच्या घरचा हंडा. त्याला ठाव नाय. मीबी सांगितलं नाय. सांगितलं असतं तर तिला आनखी तरास."

"मग मी हे लिहू?"

"मला काय इचारता? तुमच्या त्या देवीला इचारा," जाईबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दोन बांगडे कागदात गुंडाळून रमाकांतांच्या हातात दिले.

वाचनाच्या संध्याकाळी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. ऑर्केस्ट्रा नसला की महाकाव्यालाही गर्दी होते. विठोबा ढोलकी घेऊन बाजूला बसले होते. रमाकांतांनी कडक इस्त्रीचा झब्बा घातला होता. माइकनं पहिल्या ओळीलाच शिट्टी मारली. "ये गे वाग्देवी" म्हणताच अर्धा मांडव आरती समजून उभा राहिला आणि टाळ्यांचा ठेका धरला. रमाकांत 'बसा, बसा' म्हणाले, ते लोकांनी धृपद म्हणून उचललं. घार मात्र जमली. ती झेपावली तेव्हा पोरं गप्प झाली, आणि पाटीवाला कमरेवर हात ठेवून हसला तेव्हा मांडवही हसला. तो कोण, हे कोणीच विचारलं नाही.

मग प्रश्न आला.

*सांग, देवी, कोणाच्या घरचं पाणी होतं त्या हंड्यात?*

रमाकांत थांबले. हातातल्या कागदावर दोन उत्तरं होती, एक जाईबाईंनी सांगितलेलं आणि एक 'तिचा स्वभावच तसा'. त्यांनी बायकांत बसलेल्या मृणालिनीबाईंकडे पाहिलं. त्या नेमक्या तेव्हाच कोणाच्या तरी मुलाचं नाक पुसत होत्या. सल्ला देणारी अख्खी चाळ समोर होती आणि सल्ला कोणीच देत नव्हतं. मग त्यांनी वाचलं.

*पाणी दगडूच्या पोराच्या तापाचं, हंडा सुभद्रेचा;*
*ओल्या पदराची जाईबाई तो उचलून आली, आणि बोलली नाही.*

ढोलकी बंद पडली. विठोबांचा हात कातड्यावर तसाच राहिला. जाईबाई मंडपाच्या कनातीकडे बघत बसल्या. रमाकांतांना वाटलं, आता इथेच आपलं प्राध्यापकी आयुष्य संपणार. म्हणून ते घाईघाईनं नामावळीत शिरले. माणूस घाबरला की यादी वाचतो.

इथे एक भलतंच घडलं. पहिलं नाव, गाव आणि हंडे वाचून झाले आणि समोरून आवाज आला, "हजर!" दुसऱ्या नावालाही "हजर!" गिरणीच्या दारात वर्षानुवर्षं हजेरी दिलेली माणसं ती. दीड वर्षात कोणी त्यांची नावं पुकारली नव्हती. कुडाळ हजर झालं, देवगड, संगमेश्वर हजर झालं. "चार साच्यांचा विठोबा," रमाकांत म्हणाले, आणि विठोबा हलक्या आवाजात "हजर" म्हणाले. कोणी हसलं नाही.

खोडलेली ओळ तिच्याच खाली होती. खोडलेलं वाचता येतं, हा खोडणाऱ्याचा दोष. रमाकांतांनी वाचली:

"पेंडूर गावचा, दोन हंड्यांचा दगडू राणे."

कोणी ओ दिली नाही. सगळ्यांनी विठोबांकडे पाहिलं. मग मागून, अगदी कडेला मूल मांडीवर घेऊन बसलेल्या सुभद्रेचा आवाज आला. "ते नाहीत. गिरणीत पाळीवर गेलेत."

पाळी हा शब्द त्या मांडवात पडला आणि तिथेच राहिला. त्या एका शब्दावरून तिथल्या माणसांनी वर्षभर एकमेकांची तोंडं पाहिली नव्हती. रमाकांतांच्या कानात माइकची शिट्टी पुन्हा सुरू झाली, की ती त्यांच्याच डोक्यातली होती, कोण जाणे.

विठोबांनी ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. "पाळीवर असला तर खाडा नाय लागत," ते म्हणाले. कोणाकडे बघून बोलले नाहीत. "फुडचा नाव घ्या, मास्तर."

पुढचं नाव नव्हतं. यादी तिथेच संपत होती. पण विठोबा थांबले होते, चाळ थांबली होती, आणि नामावळीत कवी स्वतःचं नाव घालत नाही हा संकेत रमाकांत हळदणकर यांनी त्या क्षणी जन्मात पहिल्यांदा मोडला.

"सावंतवाडीचा," ते म्हणाले, आणि एरवी खाली येणारा आवाज भलताच वर गेला, "एका बादलीचा, तीही प्लॅस्टिकची... रमाकांत."

आपल्या नावाला आपणच ओ द्यायची की कोणी दुसऱ्यानं, हे त्यांना कळेना. तेवढ्यात बायकांमधून मृणालिनीबाईंचा टेलिफोन खात्यातला स्वच्छ, खणखणीत आवाज आला.

"हजर आहेत! बोला!"

मांडव हसून हसून कोसळला. त्या हसण्यात विठोबा उठले आणि माणसांतून वाट काढत मागे गेले. सुभद्रेच्या मांडीवरचं मूल पाहायला वाकले, आणि त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.